एकदाच साठ की तीनदा वीस?

प्रश्न: सर, मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चहाच्या पाण्यातून कॅफिन काढायच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी डायक्लोरोमिथेन, म्हणजे डीसीएम, २० मिलीचे तीन भाग करून वापरायला सांगितलं होतं. वेळ कमी होता म्हणून मी ६० मिली एकदमच ओतलं. मला ०.१९ ग्रॅम कॅफिन मिळालं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं तीनदा केलं, तिला ०.२४ मिळालं. चहाचं पाणी दोघींना एकाच भांड्यातलं दिलं होतं, १००-१०० मिली. डीसीएम तेवढंच, पाणी तेच, मग फरक कसा? आणि भाग केल्यानं फायदा होत असेल तर तीनच का, तीस का नाही?

उत्तर:

डीसीएम दोघींनी सारखंच वापरलं हे खरं. पण ज्या क्षणी ते पाण्यापासून वेगळं झालं, त्या क्षणी पाण्यात किती कॅफिन शिल्लक होतं, ते तुझं वेगळं आणि तिचं वेगळं. सगळी गोम तिथे आहे.

सेपरेटिंग फनेलमध्ये नेमकं काय चालतं ते आधी बघू. पाणी आणि डायक्लोरोमिथेन एकमेकांत मिसळत नाहीत. डीसीएम जड, घनता १.३३ च्या आसपास, म्हणून ते तळाशी बसतं. कॅफिन मात्र दोन्हींत विरघळतं. फनेल हलवल्यावर कॅफिनचे रेणू पाण्यातून डीसीएममध्ये जातात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. डीसीएममधले काही परत पाण्यातही येतात. थोड्या वेळानं जाणारे आणि येणारे सारखे होतात. त्यानंतर तू तासभर फनेल हलवत बसलीस तरी वाटणी बदलत नाही. या अवस्थेत डीसीएममधली संहती भागिले पाण्यातली संहती हा आकडा ठरावीक तापमानाला स्थिर असतो. तोच पार्टिशन कोएफिशंट, मराठी पुस्तकांतला वितरण गुणांक, म्हणजे K. बर्थेलो आणि युंगफ्लाइश यांनी १८७२ मध्ये अशा वाटण्या मोजल्या आणि नेर्न्स्टनं १८९१ मध्ये त्याला नियमाचं रूप दिलं. म्हणून पुस्तकात नेर्न्स्टचं नाव दिसतं.

कॅफिनसाठी डीसीएम आणि पाणी यांच्यातला K मी इथे ६ धरतो. खोलीच्या तापमानाला एक मिली पाण्यात साधारण २२ मिग्रॅ कॅफिन विरघळतं आणि एक मिली डीसीएममध्ये साधारण १४०. त्यांचं गुणोत्तर सहाच्या थोडं वर जातं. विद्राव्यतेच्या गुणोत्तरावरून काढलेला K हा अंदाजच असतो, कारण विद्राव्यता भरगच्च संपृक्त द्रावणाची असते आणि आपलं चहाचं पाणी त्या मानानं फारच पातळ. तुझ्या चहाचा खरा K कसा काढायचा ते पुढे सांगतो. तोवर ६ चालेल.

आता एक युक्ती सांगतो. कारखान्यात कागद-पेन्सिल हाताशी नसताना मी हीच वापरायचो. K सहा आहे याचा अर्थ एक मिली डीसीएम कॅफिनला सहा मिली पाण्याइतकं 'प्रशस्त' वाटतं. म्हणजे ६० मिली डीसीएम हे कॅफिनच्या हिशेबानं ३६० मिली पाणी झालं. तुझ्या फनेलमध्ये खरं पाणी १०० आणि हे मानलेलं ३६०, अशी एकूण ४६० मिली जागा. कॅफिन त्यात सारखं पसरणार. खऱ्या पाण्याच्या वाट्याला १०० भागिले ४६०, म्हणजे जवळजवळ २२ टक्के. सुरुवातीला ३०० मिग्रॅ कॅफिन होतं असं समजू. त्यातलं ६५ मिग्रॅ तुझ्या पाण्यातच राहिलं आणि २३५ डीसीएममध्ये आलं.

मैत्रिणीचं बघ. तिनं पहिल्यांदा २० मिली ओतलं. त्याचं मानलेलं पाणी १२०, एकूण जागा २२०. खऱ्या पाण्यात १०० भागिले २२०, म्हणजे साडेपंचेचाळीस टक्के उरलं: १३६ मिग्रॅ. बाहेर पडलं १६४. एवढंच बघितलं तर ती तुझ्या मागे आहे. मग तिनं तो थर काढला आणि कॅफिनचा कणही नसलेलं कोरं २० मिली ओतलं. आता पाण्यात १३६ आहे, त्याचे पुन्हा साडेपंचेचाळीस टक्के उरणार: ६२. तिसऱ्या वेळी ६२ चे २८. म्हणजे ३०० पैकी पाण्यात राहिलं २८ आणि हातात आलं २७२. तुझ्यापेक्षा ३७ मिग्रॅ जास्त, तेवढ्याच ६० मिलीत.

कारण कळायचं असेल तर टक्केवारी सोड आणि प्रत्येक थर फनेलमधून बाहेर पडताना किती भरलेला होता ते बघ. तुझे ६० मिली बाहेर पडले तेव्हा ते ०.६५ मिग्रॅ प्रति मिली अशा पातळ पाण्याशी तोल साधून होते, म्हणून त्यांच्यात त्याच्या सहापट, ३.९ मिग्रॅ प्रति मिली एवढंच मावलं. तिचे पहिले २० मिली मात्र १.३६ मिग्रॅ प्रति मिली अशा दाट पाण्याशी तोल साधून बाहेर पडले, म्हणून ते ८.२ घेऊन गेले. दुसरे २० मिली ३.७ आणि तिसरे १.७. तिघांची सरासरी ४.५. डीसीएमचा प्रत्येक मिली निघताना पाणी जेवढं दाट असेल तेवढाच तो भरतो. तुझे साठही मिली सगळ्यात पातळ पाण्याच्या हिशेबानं भरले. तिचं निम्म्याहून अधिक कॅफिन पहिल्या वीस मिलीनंच, पाणी दाट असतानाच, उचललं. आणि तिसऱ्या वेळेला पाणी तुझ्यापेक्षाही पातळ झालं तेव्हा त्याच्यासमोर कोरं द्रावक होतं, आधीच लादलेलं नव्हे.

घरी तांदूळ तीन पाण्यांनी धुतात, एकाच मोठ्या पातेलंभर पाण्यात बुडवून काढत नाहीत, ते याच हिशेबानं. तिथे K वगैरे काही नसतं, तांदळाला चिकटून राहिलेलं पाणी दर वेळी पातळ होत जातं एवढंच. पण गुणाकार तोच आहे.

जर्नलमध्ये लिहायचं सूत्र असं:

```
w_n = w_0 × [ V / (V + K·S) ]^n
```

इथे V पाण्याचं आकारमान, S एका वेळी घातलेल्या द्रावकाचं आकारमान, n किती वेळा, w_0 सुरुवातीचं द्राव्य आणि w_n शेवटी पाण्यात उरलेलं. व्हायवाला मुलं इथे दोन ठिकाणी हमखास घसरतात. एक, S च्या जागी एकूण ६० घालतात आणि वर n तीनही ठेवतात; मग उत्तर एक टक्क्याच्या आसपास येतं आणि बघून आनंद होतो. दुसरं, K उलटा घेतात. काही पुस्तकं K म्हणजे सेंद्रिय भागिले पाणी लिहितात, काही पाणी भागिले सेंद्रिय. आयोडीनचा कार्बन टेट्राक्लोराइड आणि पाणी यांच्यातला K एका पुस्तकात ८५ दिसेल आणि दुसऱ्यात ०.०१२. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दिशा वेगळी. वरच्या सूत्रात सेंद्रिय वर आणि पाणी खाली असा K लागतो.

आता तुझे खरे आकडे. सिद्धांताप्रमाणे तिला ९०.६ टक्के मिळायला हवं, तुला ७८.३. तिला ०.२४ ग्रॅम मिळालं, म्हणजे मूळ पाण्यात सुमारे ०.२६५ ग्रॅम असावं. त्याचे ७८.३ टक्के म्हणजे ०.२०७. तुला मिळालं ०.१९. म्हणजे तुमच्यातल्या ५० मिग्रॅच्या फरकापैकी ३३ हे एकदम ओतण्यामुळे आणि उरलेले १७ कशामुळे तरी. ते कशामुळे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण माझा संशय दोन थरांच्या मधल्या फेसाळ पट्ट्यावर आहे. त्याकडे येतोच.

तीसच का नाही? भाग वाढवत गेलं तर काय होतं ते आधी आकड्यांत बघ. तेच ६० मिली, K सहा. चार भाग केले तर ९२.३ टक्के निघतं. सहा भाग केले तर ९४. दहा भाग केले तर ९५.४. आणि अगणित भाग केले, अगदी थेंबाथेंबानं घातलं, तरी ९७.३ च्या वर जाता येत नाही. ही भिंत आहे, सूत्रात n अनंताकडे नेलं की उरलेला भाग e^(−K·S_एकूण/V) होतो, इथे e^(−३.६). एकाचे तीन केल्यावर बारा टक्के कमावले, तीनचे दहा केल्यावर पाचसुद्धा नाहीत. त्यापेक्षा तीन वेळा झाल्यावर आणखी एक २० मिलीचा भाग घातला तर ९५.७ टक्के मिळतात. दहा वेळा फनेल हाताळण्याऐवजी चार वेळा. लॅबमध्ये २० मिली डीसीएम परवडत असेल तर मी डोळे झाकून चौथा भाग घालीन.

शिवाय कागदावरचे तीस भाग फनेलमध्ये चालत नाहीत. १०० मिली पाणी स्वतःमध्ये साधारण एक मिली डीसीएम विरघळवून घेतं. तू पहिल्यांदा दोन मिली ओतलंस तर खाली जेमतेम एक मिली उतरेल. त्यातलं काही तोटीत आणि खालच्या नळीत अडकेल, काही काचेला थेंब होऊन चिकटेल, काही उडून जाईल, कारण त्याचा उत्कलनबिंदू ४० अंश सेल्सिअस आहे. दर वेळी थर सोडताना मधल्या सीमेवर थोडं मागे ठेवावं लागतं, तेही तीस वेळा. या सगळ्या चोऱ्या कोणत्याही सूत्रात नाहीत. तीन किंवा चार हा आकडा कोणत्या नियमातून आलेला नाही. फायद्याची चढण जिथे मंदावते आणि हाताळणीचा तोटा जिथे डोळ्यांत भरायला लागतो, तिथे तो पडतो.

आणि हे सगळं K मध्यम असतानाच. K फार मोठा असेल तर भाग करायचं कारणच उरत नाही. आयोडीनचं उदाहरण घे, १०० मिली पाणी, २० मिली कार्बन टेट्राक्लोराइड, K ८५. एकाच वेळी ९४ टक्क्यांहून जास्त खाली येतं, पाण्याचा तपकिरी रंग डोळ्यांदेखत उडतो आणि खालचा थर जांभळा होतो. दोन वेळा १०-१० केलं तर उरलेले साडेपाच टक्के एकावर येतात. बस्स. उलट K ०.१ असेल तर ६० मिली एकदम घातलं तरी पाण्यात ९४ टक्के उरतं आणि तीन भाग केले तरीही ९४ च. अशा वेळी भाग करणं म्हणजे चाळणीनं पाणी भरणं. तिथे द्रावक बदलावा लागतो, किंवा पाण्यात मीठ घालून द्राव्याला पाण्यात राहणं अवघड करावं लागतं.

मी जिथे बरीच वर्षं काढली त्या कारखान्यात हीच गोष्ट लिटरमध्ये घडली होती. आकडे सोपे करून सांगतो. हजार लिटर जलीय थरातून माल टोल्युइनमध्ये घ्यायचा होता, K तीन. बॅच शीटमध्ये ५०० लिटर टोल्युइन दोनदा असं लिहिलेलं. टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, वर बसतं. म्हणजे आधी खालचं पाणी दुसऱ्या रिअॅक्टरमध्ये उतरवायचं, मग टोल्युइन काढायचं, मग पाणी परत आणायचं आणि पुन्हा टोल्युइन चार्ज करायचं. डीसीएमसारखं खालून सोडलं आणि वरून नवं ओतलं असं होत नाही. रात्रपाळीच्या एका ऑपरेटरनं हा फेरा वाचवायला हजार लिटर एकदम घेतलं. त्याच्या दृष्टीनं टोल्युइन तेवढंच होतं, जशी तुझी समजूत होती. दोनदा केलं असतं तर पाण्यात १६ टक्के राहिलं असतं, एकदा केल्यानं २५ राहिलं. गंमत म्हणजे उत्पादन घटल्याचं आम्हाला आधी कळलंच नाही. पहिली तक्रार आली ती सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीवाल्यांची: सांडपाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय घाणीचा आकडा, एकदम कसा चढला? मग पाण्याचा नमुना तपासला, तेव्हा माल तिथे सापडला. त्यानंतर आम्ही जलीय थर सोडण्याआधी नमुना लॅबला पाठवायचा नियम केला.

आता त्या फेसाळ पट्ट्याबद्दल. चहाच्या पाण्यात कॅफिनबरोबर टॅनिन असतात. प्रॅक्टिकलमध्ये आपण सोडियम कार्बोनेट घालतो ते टॅनिनचे क्षार व्हावेत आणि ते पाण्यातच राहावेत म्हणून. पण हे क्षार साबणासारखं वागतात. फनेल जोरात हलवलं की डीसीएमचे बारीक थेंब पाण्यात अडकतात आणि मध्ये तपकिरी, कोळिष्टकासारखा थर तयार होतो. इमल्शन. कारखान्यात त्याला आम्ही रॅग म्हणायचो. या रॅगमध्ये अडकलेलं डीसीएम कॅफिननं भरलेलं असतं, आणि तू ते पाण्याबरोबर टाकून दिलंस तर ते गेलं. एकदम ६० मिली घेऊन हलवलं की असा थर जाड होतो, आणि एकच फेरी असल्यानं तो पुन्हा फुटायची संधी मिळत नाही. तिला मिळाली, पुढच्या दोन फेऱ्यांमध्ये.

म्हणून चहाचं पाणी बर्फात थंड करून मगच डीसीएम घालायचं, गरम पाण्यात ते उकळून बूच उडवतं. फनेल शेकरसारखं हलवायचं नाही. आडवं धरून हळूहळू लोळवायचं, दोन-तीन मिनिटं, आणि मधून मधून तोंड भिंतीकडे व तोटी वर करून दाब सोडायचा. लोळवणं हळू असलं की वेळ जास्त लागतो हे लक्षात ठेव. तोल साधायच्या आधीच थर वेगळे केलेस तर वरचं सूत्र तुझ्या फनेलला लागूच होत नाही. ते धरून चालतं की वाटणी पूर्ण झाली आहे. इमल्शन झालंच तर चिमूटभर मीठ टाक, काचेच्या कांडीनं अलगद ढवळ, दहा मिनिटं बाजूला ठेव. तरीही हटत नसेल तर तो थर कापसाच्या बोळ्यातून गाळ, बऱ्याचदा तिथे फुटतो. आणि हे सगळं फ्यूम हूडमध्ये. साधे नायट्राइल ग्लोव्हज डीसीएम काही मिनिटांत पार करतं, तेव्हा ग्लोव्हज आहेत म्हणून हातावर सांडलं तरी चालेल असं समजू नकोस.

कोणता थर कोणता अशी शंका आली, आणि मीठ जास्त झालं की ती येते, तर दोन्ही थरांचा थेंब-थेंब पाण्यात टाकून बघ. पाण्यात नाहीसा झाला तो पाण्याचा थर. आणि काहीही टाकून देण्याआधी दोन्ही थर बाजूला ठेव. कॅफिन वाळवून वजन करेपर्यंत कुठलाच थर बेसिनमध्ये जाता कामा नये. चुकीचा थर ओतून दिलेले लोक मी बरेच पाहिले आहेत, त्यात मीही आहे.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, जी प्रॅक्टिकलच्या पुस्तकात सहसा नसते. पुढच्या वेळी तिन्ही भाग एकत्र करू नकोस. वजन केलेल्या तीन वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये घे, निर्जल सोडियम सल्फेटनं वेगवेगळे वाळव, गाळ, उडव आणि प्रत्येकाचं कॅफिन वेगळं तोल. वरच्या गणितात तीन भागांत १६४, ७४ आणि ३४ मिग्रॅ आले होते. दुसरा पहिल्याच्या साडेपंचेचाळीस टक्के, तिसरा दुसऱ्याच्या साडेपंचेचाळीस टक्के. हा योगायोग नाही. प्रत्येक फेरीत पाण्यात उरलेलं त्याच गुणोत्तरानं घटतं, म्हणून बाहेर आलेलंही त्याच गुणोत्तरानं घटतं. हे गुणोत्तर r म्हटलं तर

```
K = (V / S) × (1/r − 1)
```

मैत्रिणीच्या ०.२४ ग्रॅमची अशी फोड केली असती तर समज १४४, ६६ आणि ३० मिळाले असते. ६६ भागिले १४४ म्हणजे ०.४५८. V भागिले S म्हणजे ५. १ भागिले ०.४५८ वजा १ म्हणजे १.१८. K आला ५.९. बघ, चहाच्या पाण्यात सुरुवातीला किती कॅफिन होतं हे माहीत असायची गरजच पडली नाही. ते तर याच आकड्यांवरून मागे जाऊन काढता येतं. पाण्यात काय उरलं तेही कळतं, आणि चौथा भाग घालण्यात अर्थ आहे का ते अंदाजानं नाही तर आकड्यानं ठरतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही दोन गुणोत्तरं जुळत नसतील तर ती काहीतरी सांगताहेत. पहिल्या भागात अपेक्षेपेक्षा कमी आणि दुसऱ्यात जास्त आलं, तर पहिल्या वेळी तोल साधला नव्हता किंवा डीसीएम मागे राहिलं होतं, ते दुसऱ्या भागात उतरलं. पहिल्या भागाचं आकारमान मोज. २० घातलेले १८ किंवा १९ मिलीच परत येतील, कारण एक मिली पाण्यानं खाल्लेलं असतं. काटेकोर हिशेबात S म्हणून हे घ्यायला हवं. सगळ्या भागांचं वजन फुगलेलं दिसलं तर कॅफिन ओलं आहे किंवा हिरवट रंगद्रव्य बरोबर आलं आहे. शुद्ध कॅफिन पांढऱ्या सुयांसारखं असतं आणि २३५ ते २३८ अंशांना वितळतं. तुझं कॅफिन हिरवट असेल तर तुझ्या ०.१९ मध्ये सगळं कॅफिन नाही.

गुणोत्तर सावकाश पण ठामपणे एकाच दिशेला सरकत असेल तर मात्र हाताची चूक नसून रसायनशास्त्र आहे. नेर्न्स्टचा नियम द्राव्य दोन्ही थरांत एकाच रूपात असेल तरच चालतो. तुमच्याच अभ्यासक्रमातलं बेन्झोइक आम्ल घे. पाण्यात ते एकटा रेणू म्हणून असतं, बेन्झिनमध्ये दोन-दोन रेणू जोडी करून बसतात. जोड्या दाट द्रावणात जास्त होतात. म्हणून तिथे सेंद्रिय भागिले पाणी हा आकडा स्थिर राहत नाही; सेंद्रियमधल्या संहतीचं वर्गमूळ घेतलं तर गुणोत्तर स्थिर येतं. परिणाम असा की पाणी दाट असताना पहिला भाग झकास काम करतो आणि पाणी पातळ होत गेलं की पुढचे भाग सूत्रात लिहिल्यापेक्षा कमी ओढतात. त्यात पाण्याचा सामू वाढला तर आम्लाचं बेन्झोएट होतं आणि ते बेन्झिनकडे ढुंकूनही बघत नाही. बेन्झोइक आम्लाचा pKa ४.२ आहे, सामू ७.२ ला हजारात एक रेणू फक्त आम्लाच्या रूपात असतो. मग तीन काय, तेरा भाग घातले तरी व्यर्थ. कॅफिन अतिशय दुबळा आम्लारी असल्यानं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात त्याला हा त्रास नाही. चहाचं प्रॅक्टिकल इतकं सरळ चालतं त्याचं हेही एक कारण.

शेवटी एक चोरी, जी तुम्ही दोघींनी केली असेल आणि कळलीही नसेल. तिन्ही भाग एकत्र केल्यावर बरेच जण ते 'स्वच्छ' करायला पाण्यानं धुतात. पण वितरण गुणांकाला दिशेची पर्वा नसते. ६० मिली डीसीएममध्ये कॅफिन आहे, म्हणजे मानलेलं ३६० मिली पाणी. त्याला तू ६० मिली साधं पाणी दिलंस तर ६० भागिले ४२०, म्हणजे सातवा हिस्सा, १४ टक्के कॅफिन त्या धुण्याच्या पाण्यात गेलं. तीन वेळा मेहनत करून जे बारा टक्के कमावले ते एका धुण्यात गमावले. धुवायचंच असेल तर २० मिली घे, त्यात पाच टक्के जातात, आणि पाण्याऐवजी मिठाचं संपृक्त द्रावण घे, म्हणजे त्याहूनही कमी. मी चहाच्या कॅफिनसाठी हे धुणं टाळतो आणि सरळ सोडियम सल्फेटवर वाळवतो. सल्फेटचे खडे एकमेकांना चिकटायचे थांबून फ्लास्कमध्ये सुटे फिरायला लागले की पुरे झालं. गाळल्यावर त्या खड्यांवरून दोन-तीन मिली कोरं डीसीएम ओतून तेही फ्लास्कमध्ये घे, खड्यांना चिकटलेलं द्रावण त्यात उतरतं. हेही छोट्या-छोट्या दोन हप्त्यांत.